निमोणीचे सदतीस

निमोणी हे गाव बेचिराग होतं. म्हणजे सरकारी कागदात त्याला शीव होती, शिवार होतं, नकाशा होता, पाटील होता. फक्त माणसं नव्हती. तीन पिढ्यांपूर्वी कुठल्याशा दुष्काळात माणसं उठून गेली ती गेलीच. मागच्या खानेसुमारीतही निमोणीपुढे शून्य पडलं होतं आणि ते शून्य मोजायला सुद्धा एक मोजणीदार उन्हातान्हात तिथवर जाऊन आला होता, कारण सरकारचं काम मोघम नसतं.

अशा या निमोणीत त्या वर्षी संक्रांत ते होळीच्या दरम्यान सदतीस माणसं मेली.

बद्रुद्दीन मुनशींना हे ठाऊक नव्हतं. ते बुलढाण्याला दाक्तरसाहेबांच्या कचेरीत जन्ममृत्यूच्या टेबलावर होते. गावोगावचे पाटील मेलेल्यांची नावं लिहून ठाण्यात पाठवत, ठाण्यातून तो हिशेब कचेरीत येई आणि बद्रुद्दीन त्याचे तालुकेवार तक्ते करत. त्यांच्या टेबलावर आख्खा जिल्हा दरसाल मरे आणि दरसाल जन्मे. बायकोला, सुगराबीला, ते कधी कचेरीतलं सांगत नसत. तिनं एकदाच विचारलं होतं, "तुम्ही दिवसभर करता काय हो?" त्यावर ते म्हणाले होते, "बेरीज." ती म्हणाली, "मग चेहरा वजाबाकीसारखा काऊन?"

ज्येष्ठात वरच्या कचेरीतून एक कागद खाली आला. मेहकर तालुक्यात दुसरबीडच्या अंगाला सावळखेड नावाचं गाव आहे. तिथल्या लोकांनी अर्ज केला होता की आमचं गावठाण खोलगट, ओलीचं, उंदरांनी पोखरलेलं आहे, गाठीचा ताप पुन्हा पुन्हा येतो, तरी नाल्यापलीकडे निमोणीच्या बरडावर आम्हांला नवं गावठाण द्यावं. बरड उंच आहे, कोरडं आहे, आणि तिथं कुणी राहत नाही. वरच्या कचेरीतल्या साहेबांचा दंडक असा होता की ज्या गावात हजारी पन्नासाच्या वर माणूस प्लेगनं दगावलं असेल, त्याच गावाचा असा अर्ज विचारात घ्यायचा. आता घोळ इथं होता. तहसिलीनं घरोघर चौकशी करून यादी पाठवली होती, तीत सावळखेडचे मेलेले शेहेचाळीस. आणि दाक्तरसाहेबांच्या कचेरीच्या हंगामी तक्त्यात सावळखेडपुढे आकडा होता चार.

वस्ती सहाशे बारा. शेहेचाळीस धरले तर हजारी पंच्याहत्तर, चार धरले तर हजारी साडेसहा. एका आकड्यानं गाव उठतं, दुसऱ्यानं अर्ज उठतो. वरच्या कचेरीनं समासात लिहिलं होतं: "कोणता आकडा ग्राह्य धरावा, कारणांसह कळवावे."

हेडक्लार्क शेषरावांनी कागद वाचून बद्रुद्दीनच्या टेबलावर ठेवला. शेषराव सज्जन होते. त्यांना जगात कुणाचंच वाईट व्हावंसं वाटत नसे, फक्त काही व्हावंसंही वाटत नसे.

"लिहून टाका चार म्हणून," ते म्हणाले. "आपल्या कचेरीचा आकडा आहे. आपणच तो नाही म्हटलं तर उद्या कोण आपल्या तक्त्यावर विसंबेल?"

"पण बेचाळीस माणसांचा फरक आहे, शेषराव."

"अर्जवाले वाढवून सांगतातच. गावठाण पाहिजे ना त्यांना."

"यादी अर्जवाल्यांची नाही. तहसिलीची आहे. घरातल्या माणसाचं नाव, बापाचं नाव, सगळं आहे."

"मग पाटलानं लपवले असतील. पाटलाला दंड करा. दोन्ही आकडे राहतात." असं म्हणून शेषरावांनी पान लावायला घेतलं.

पाटील म्हणजे सावळखेडचे पोलीस पाटील किसनराव. मयत लपवल्याचं सिद्ध झालं तर दंड होईल, पाटिलकीही जाईल. आणि अर्ज करणाऱ्यांत पहिली सही त्यांचीच होती. ज्या माणसानं मेलेले लपवले तोच मेलेल्यांच्या नावानं जागा मागतो, हे बद्रुद्दीनला पटेना. माणूस लबाड असला तरी एका बाजूनं लबाड असतो.

त्यांनी आधी स्वतःचाच तक्ता पुन्हा बेरजेला घेतला. तेव्हा एक गंमत दिसली, जर तिला गंमत म्हणायचं असेल तर. मेहकर तालुक्याच्या गावांचे आकडे एकाखाली एक मांडून बेरीज केली की जी येई, त्याहून तालुक्याची छापील एकूण संख्या सदतीसनं जास्त होती. गावांचे आकडे हंगामाच्या शेवटी आलेल्या पत्रकांतून घेतले होते. तालुक्याची एकूण मात्र दर आठवड्याला ठाण्यातून येणाऱ्या प्लेगच्या खबरीवरून. म्हणजे ठाण्याच्या हिशेबात सदतीस माणसं मेली होती आणि तक्त्यात येईस्तोवर ती कुठंतरी वाटेत उतरली होती.

"शेषराव, हे सदतीस कुठं गेले?"

शेषरावांनी आठवून पाहिलं. "हां. ते निमोणीचे. मीच काढले. अहो, निमोणीपुढे वस्ती शून्य. शून्य वस्तीत सदतीस मयत. हजारी प्रमाण काय काढणार? शून्यानं भागता येतं काय? कुणीतरी गावाचं नाव चुकवलं असणार, म्हणून ओळ कमी केली."

"आणि एकुणातून नाही काढले?"

"एकूण तोवर छापायला गेली होती."

शेषरावांची यात काही लबाडी नव्हती. शून्यानं भागता येत नाही हे ते शाळेत शिकले होते आणि शिकलेलं विसरले नव्हते, एवढंच.

बद्रुद्दीननं दाक्तरसाहेबांची परवानगी काढली आणि दमणी जुंपून चिखली-देऊळगावच्या वाटेनं दुसरबीडला गेले. निमोणीचे पाटील उत्तमराव दुसरबीडला राहत. गाव नसलं तरी वतन होतं, आणि वतन असलं की माणूस पाटीलच. आजापासून त्यांच्या घरी निमोणीची जन्ममृत्यूची वही होती, आणि आजापासून ती कोरी होती. दर महिन्याला ठाण्यात "निरंक" म्हणून कळवायचं, हे एवढंच राज्य.

उत्तमरावांनी ओसरीवर बसवून वही पुढे केली. पहिल्या पानापासून सगळं निरंक, आणि मग एकाएकी तीन पानं भरलेली. अक्षर इतकं सुबक की वाचताना वाईट वाटत नसे, आणि त्याचंच वाईट वाटे.

"हे लोक कुठले, पाटील?"

"सावळखेडचे. उंदीर पडले गावात, चारजण मेले, तवा सगळे नाला ओलांडून माह्या बरडावर झोपड्या टाकून राह्यले. गाठीच्या वक्ती असंच करत्यात सगळीकडं."

"मग सावळखेडच्या वहीत काऊन नाही लिहिलं?"

उत्तमराव ताठ झाले. "किसनराव आला होता वही घेऊन. म्हणे माही माणसं हाये, मी लिहितो. म्या म्हटलं, माणसं तुही असतील, शीव माही हाये. माह्या शिवेत मेला तो माह्या वहीत. नियम हाये का नाई, मुनशीजी?"

"आहे. जिथं मेला तिथं लिहायचा."

"मंग." थोडं थांबून उत्तमराव म्हणाले, "बापानं मले सांगितलं होतं, कोऱ्या वहीचा पाटील म्हणून लोक हसतात. आता नाई हसत कोणी." हे बोलताना त्यांना स्वतःलाच कसंसं झालं असावं, कारण त्यांनी वही मिटून मांडीखाली घेतली. मग बद्रुद्दीनला ती नक्कल करायला पुन्हा मागून घ्यावी लागली.

तिथून सावळखेड कोसभर. किसनराव नाल्याच्या काठावर भेटले. साठीचा, सुकलेला माणूस. दोन मुलगे त्या झोपड्यांत गेले होते. दोघांचीही नावं उत्तमरावांच्या सुबक अक्षरात होती. घरात आता बायको रुक्मिणीबाई आणि ते.

"मुनशीजी, दंड कराले आले का?"

"नाही. तुमची वही खरी आहे. तुमच्या शिवेत गाठीनं चारच मेले."

"हाव. बाकीचे तिकडं मेले." त्यांनी बरडाकडे बोट केलं. "तुमच्या कागदात ते कोणीच नाईत ना? शेषरावसायबानं सांगितलं म्हणे, रिकाम्या गावात माणूस मरत नाई."

"ते आता निस्तरू. पण मला तहसिलीची यादी तपासायची आहे. शेहेचाळीस नावं आहेत. तुमच्या वहीतले गाठीचे चार आणि निमोणीचे सदतीस मिळून एकेचाळीस होतात. पाच उरतात."

यादी घेऊन ते दोघे घरोघर फिरले. पाचांपैकी तिघं उंदीर पडताच जालन्याला सोयऱ्यांकडे गेले आणि तिथं मेले. जालना निजामाच्या हद्दीत, तिथली नोंद इकडे येत नाही आणि इकडून विचारलं तर उत्तर येत नाही. उरलेल्या दोघांत एक सोजराबाई, बाळंतपणात गेली. आणि एक म्हातारा विहिरीत पडून. तहसिलीच्या माणसानं विचारलं होतं, "या हंगामात घरातलं कोण मेलं?" लोकांनी खरं उत्तर दिलं. कशानं मेलं हे त्यानं विचारलं नव्हतं.

किसनरावांच्या ओसरीवर बसून बद्रुद्दीननं सांगितलं, "मी एकेचाळीस लिहिणार."

"शेहेचाळीस काऊन नाई? मेलेच ना ते. म्या खांदा देल्ला त्या म्हाताऱ्याले."

"मेले, पण गाठीनं नाही. उद्या वरून कुणी तपासायला आला आणि त्याला हे दोन सापडले, तर तो म्हणेल, दोन खोटे तर बाकीचेही तसलेच. चव्वेचाळीस खऱ्यांवर त्या दोघांमुळे पाणी पडेल."

"आन् जालन्याचे तीन? ते तं गाठीनंच गेले."

"ते खरे, पण त्यांना कागद नाही. मी टिपणात लिहीन, आणखी तीन असावेत, पण नोंद नाही म्हणून धरले नाहीत. एकेचाळीसाला नाव आहे, तारीख आहे, दोन वह्या आहेत. हजारी सदुसष्ट पडतात. दंडक पन्नासचा. पाच सोडले तरी तुमचं काम होतं."

आतून रुक्मिणीबाई म्हणाल्या, "द्या ना हो सोडून पाच. सरकारले कमी मेलेले बी चालत असतील तं बरंच हाये." मग त्यांनी गुळाचा चहा बाहेर पाठवला नाही, स्वतःच आणून ठेवला.

"बरडावर चांगलं वाटे का?" बद्रुद्दीननं विचारलं.

"पह्यले तीन आठवडे वाईट," किसनराव म्हणाले. "वाकळा, धान्याची पोती, सगळं संगं नेलं होतं आम्ही. पिसवा बी संगं आल्या. जे पडले ते तवाच पडले. मंग वाकळा जाळल्या. त्याच्यानंतर एक माणूस नाई पडलं. पावसापोतर तिथंच होतो. पोरंसोरं धडधाकट. घरी याले मन नव्हतं कोणाचं."

बद्रुद्दीननं वहीतल्या तारखा पाहिल्या. खरंच होतं. सदतीसांपैकी पस्तीस पहिल्या तीन आठवड्यांत, उरलेले दोन चौथ्यात. पुढं होळीपर्यंतचं पान निरंक.

बुलढाण्याला परतून त्यांनी टिपण लिहिलं. आयुष्यात त्यांनी इतकं चांगलं टिपण लिहिलं नव्हतं. दोन्ही आकडे खोटे नाहीत, असं त्यांनी सुरुवातीलाच म्हटलं. तक्त्यातला चार हा सावळखेडच्या शिवेत गाठीनं मेलेल्यांचा आकडा आहे. यादीतला शेहेचाळीस हा सावळखेडच्या घरांतल्या मेलेल्यांचा, कुठंही आणि कशानंही. साहेबांचा प्रश्न सावळखेडच्या माणसांवर गाठीचा ताप किती पडला हा आहे, म्हणून सावळखेडची माणसं मोजली पाहिजेत, मग ती नाल्याच्या कुठल्याही काठाला मेलेली असोत. निमोणीच्या वहीतल्या सदतीसांची नावं यादीशी एकेक करून लावून पाहिली, सगळी जुळली. सबब चार अधिक सदतीस, एकेचाळीस हा आकडा ग्राह्य. वस्तीही सावळखेडचीच धरावी, निमोणीची नव्हे. शेवटच्या परिच्छेदात लिहिलं की निमोणीत मेलेले रोग गावातून घेऊन गेले होते. तारखा पाहता बरडावर राहायला गेल्यानंतर चौथ्या आठवड्यापुढं कुणी दगावलं नाही, आणि यावरून ती जागा निरोगी दिसते.

शेषरावांनी वाचलं आणि म्हणाले, "छान. पण लांब आहे." दाक्तरसाहेबांनी सही केली आणि कागद वर गेला.

वरच्या कचेरीत लांब कागदाचा गोषवारा करायची पद्धत असते. साहेबांना शंभर कागद पाहायचे असतात. बद्रुद्दीनसारखा प्रत्येकजण आपलाच कागद पाहावा म्हणून लिहितो. तिथल्या कुणा चिटणिसानं तीन पानांचा गोषवारा एका ओळीत केला. ओळ चुकीची नव्हती. ती अशी: "प्लेगने मयत एकूण ४१, पैकी सावळखेड येथे ४, निमोणी येथे ३७."

दसऱ्याच्या सुमारास हुकूम आला. शेषरावांनी तो वाचून दाखवला, सावकाश, प्रत्येक शब्दाला आपापली जागा देत. दोन्ही ठिकाणची मयतसंख्या पाहता सावळखेडचं गावठाण तुलनेनं सुरक्षित दिसतं. निमोणीच्या शिवारात मृत्यूचं प्रमाण फारच जास्त आहे. सबब तिथं गावठाण देणं उचित नाही. तसंच, पुढील हंगामात निमोणीच्या बरडावर झोपड्या टाकण्यास लोकांना मनाई करावी. हे त्यांच्याच हिताचं आहे.

बद्रुद्दीननं लगेच दुसरं टिपण लिहायला घेतलं. तारखा पुन्हा दिल्या. पहिला परिच्छेद गाळून शेवटचा पहिला केला. शेषरावांनी बिचाऱ्यांनी तो कागद स्वतः वर नेऊन दिला, कारण त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. आठ दिवसांनी उलट टपाली विचारणा आली: "आधी कळवलेल्या आकड्यात काही बदल आहे काय?"

"काय लिहू?" शेषरावांनी विचारलं.

"आकड्यात बदल नाही," बद्रुद्दीन म्हणाले. "एकेचाळीसच आहेत."

"तेच म्हणतो. आकड्यात बदल नसेल तर ते फाईल बंद करणार. बदल आहे असं लिहू?"

बद्रुद्दीननं मान हलवली. "बदल नाही."

शेषरावांनी "बदल नाही" असं लिहिलं. फाईल बंद झाली.

किसनराव दिवाळीनंतर बुलढाण्याला आले. कचेरीच्या ओट्यावर, चपला बाजूला काढून बसले. त्यांना हुकूम गावात दवंडी देऊन सांगावा लागला होता. पोलीस पाटलाचंच काम ते.

"मुनशीजी, म्या कोणावर रागवून नाई आलो," ते म्हणाले. "फकत समजून घ्याचं हाये. आम्ही तिकडं गेलो म्हणून वाचलो, अन् तिकडं गेलो म्हणूनच सरकार म्हणतं तिकडं नका जाऊ. हे बरोबर समजलो ना मी?"

"बरोबर समजलात."

"तुमचा आकडा तं खरा होता."

"खरा होता."

"मंग चूक कोणाची झाली?"

बद्रुद्दीननं विचार केला. उत्तमरावांनी नियमानं लिहिलं होतं. तहसिलीनं घरोघर विचारलं होतं. चिटणिसानं एक अंकही बदलला नव्हता. "माझं चुकलं असेल," ते म्हणाले. "मी कोणता आकडा धरायचा ते सांगितलं. तो कशासाठी धरायचा आणि कशासाठी नाही, हे शेवटी लिहिलं. ते आकड्याला चिकटून पाहिजे होतं, की तोडता येऊ नये."

"जाऊ द्या," किसनराव म्हणाले. "तुम्ही लिहिलं तरी होतं." उठताना त्यांनी विचारलं, "अन् हुकूम मोडून गेलो बरडावर, तं?"

"पाटिलकी जाईल. आणि ठाण्याची माणसं झोपड्या उठवतील."

"पाटिलकीचं काई नाई. पण झोपड्या उठवतील, तं मंग लोक अर्ध्या थंडीत वापस येतील. त्याच्यापेक्षा..." चपला पायात घालून टांग्याच्या अड्ड्याकडे चालू लागले.

त्या हिवाळ्यात सावळखेडला पुन्हा उंदीर पडले. ठाण्यातून आठवड्याच्या खबरी येत राहिल्या, बद्रुद्दीन त्या मांडत राहिले. सुगराबीनं एकदा त्यांच्यापुढं ताट ठेवलं आणि हात धुतलेले असूनही ते पुन्हा धुवायला उठले, तेव्हा तिनं ताट झाकून ठेवलं.

पुढच्या ज्येष्ठात हंगामी तक्ता तयार झाला. या वेळी वरच्या कचेरीनं आधीच बजावलं होतं की तहसिलीची यादी आणि दाक्तरसाहेबांचा तक्ता पडताळूनच पाठवावा, मागच्यासारखा घोळ नको. बद्रुद्दीननं दोन्ही शेजारी ठेवले. तहसिलीनं या खेपेला मरणाचं कारणही विचारलं होतं. जालन्याला कुणी गेलं नव्हतं, रस्ते बंद होते. सावळखेडपुढं तक्त्यात त्र्याऐंशी. यादीत त्र्याऐंशी. निमोणी: निरंक.

"वा," शेषराव चष्मा पुसत म्हणाले. "एकानंही फरक नाही. असं कधी जुळत नाही हो. काय लिहायचं कारणात?"

"कारण लिहायची गरज नाही," बद्रुद्दीन म्हणाले. "जुळलं की कारण विचारत नाहीत."

त्यांनी यादी शेवटपर्यंत वाचली. रुक्मिणीबाईंचं नाव वरच्या अर्ध्यात होतं. किसनरावांचं खाली होतं, आणि पडताळणीसाठी मागवलेली सावळखेडची वही त्या तारखेपासून पुढं वेगळ्या अक्षरात होती. किसनरावांच्या भावानं लिहायला घेतली होती. अक्षर कच्चं होतं, पण आकडे स्पष्ट होते.

बद्रुद्दीननं तक्त्याखाली "पडताळून पाहिले, मेळ बसतो" असं लिहिलं, सही केली आणि कागद वर पाठवायच्या टोपलीत टाकला.